उद्यापासून टाकीजवळ थांबा

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात मी टायपिंगचं काम करते. लोक काउंटरला टेकून आपलं गाऱ्हाणं सांगतात आणि मी त्याचा अर्ज करून देते. भाडेकरार, नाव बदलाची प्रतिज्ञापत्रं, रजेचे अर्ज, सगळं हाताखालून गेलेलं. त्यामुळे व्हॅनवाल्या काकांना चार ओळींचा मेसेज लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली, याचं माझ्या मोठ्या भावाला नवल वाटलं.

रविवार होता. मी सिडकोतल्या घरातून मुलीला घेऊन दुपारीच हर्सूलला भावाकडे आले होते. भाऊ जाधववाडीच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर कामाला आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा ओटा. मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला मी मामाकडं राहायला चाललोय इतकंच सांगितलं होतं. दप्तर आणि गणवेश बरोबर घेतलेला पाहून तिनं काही विचारलं नाही. त्या घरात ती प्रश्न विचारायचीच कमी. उत्तरं द्यायची सवय मात्र तिला लागली होती.

तेच मला सोसलं नाही. तिचे पप्पा मारकुटे नव्हते, व्यसन नव्हतं, वाळूजच्या कंपनीत चांगल्या पदावर होते. फक्त त्यांना माझं काहीच पटायचं नाही. माझ्या फोनचं लोकेशन त्यांच्या फोनवर सुरू असायचं. मला दुकानातून घरी यायला रोजच्यापेक्षा उशीर झाला की स्कूटीचा किलोमीटरचा काटा बघायचे. ते सगळं मी अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण त्या शनिवारी मी न्हाणीघरातून बाहेर आले तर ते मुलीला मांडीवर घेऊन हळू आवाजात विचारत होते, "आई फोनवर कुणाशी हसत होती?" आणि मुलगी आठवून आठवून सांगत होती, जशी शाळेतल्या तोंडी परीक्षेत सांगते तशी.

दुसऱ्या दिवशी ते दुपारच्या शिफ्टला गेले आणि मी निघाले. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

आता प्रश्न शाळेचा होता. व्हॅन सकाळी आमच्या सिडकोतल्या गल्लीच्या तोंडाशी यायची. ती सुरू व्हायची हर्सूलच्या बाजूनं, कारण काकांचं घर मयूर पार्कला. तिथून टी.व्ही. सेंटर, मग सिडको, मग जालना रोड ओलांडून गारखेड्याला शाळा. म्हणजे भावाचं घर त्यांच्या वाटेपासून लांब नव्हतं. मेन रोडवर पाण्याची टाकी आहे, तिथं उभं राहिलं की गाडीला आत वळावं लागणार नव्हतं. एवढंच कळवायचं होतं.

भावाच्या फोनवर मी पहिल्यांदा लिहिलं ते फार लांबलं. घरात थोडी अडचण आहे, काही दिवस माहेरी आहे, गैरसमज नसावा, असं बरंच. वाचून पाहिलं तर ते एखाद्या बाईनं रडत लिहिल्यासारखं वाटलं. ते पुसलं. दुसऱ्यांदा फक्त जागा आणि वेळ लिहिली, तर ते कुणीही पाठवलं असतं असं वाटायला लागलं. भाऊ शेजारी बसून बघत होता.

"फोन कर ना सरळ," तो म्हणाला.

"नको. काय सांगू त्यांना? विचारतील, काय झालं म्हणून."

"मंग मी करतो."

"तू तर मुळीच नको."

शेवटी पाठवला तो असा. सुरुवातीला मुलीचं नाव आणि इयत्ता होती. मग: "काका, मी तिची आई. माझा फोन बंद आहे म्हणून भावाच्या नंबरवरून लिहिते आहे. उद्यापासून काही दिवस तिला सिडकोतून घेऊ नका, ती हर्सूलला मामाकडे आहे. सकाळी टी.व्ही. सेंटरकडे येताना मेन रोडवर पाण्याच्या टाकीजवळ थांबा, मी स्वतः तिला घेऊन उभी राहीन. दुपारीही तिथंच सोडा. हा मेसेज ग्रुपवर टाकू नका आणि घरी फोन करू नका."

शेवटचं वाक्य मी दोनदा पुसून तिसऱ्यांदा ठेवलं.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. मी फोन हातात धरून बसले. वहिनी भाकरी थापत होती, ती तिथूनच म्हणाली, "वाचलं ना त्यांनी, मंग झालं की." मला ते झालंसं वाटत नव्हतं. वाचून गप्प बसलेला माणूस काय करत असेल, याचा विचार करायची मला घरातच सवय झाली होती.

मग फोन वाजला. भावानं उचलला. तिकडून काका म्हणाले ते मला ऐकू आलं, "कोण बोलायलं?"

"मामा बोलतोय पोरीचा."

"आई आहे का तिची? असली तर द्या."

मी घेतला. "बोला काका. मीच पाठवलाय मेसेज."

"ताई, राग नका धरू," ते म्हणाले, "नंबर नवा आहे, म्हणून विचारतो. गेल्या आठवड्यात पोरगी गाडीत काय इसरली होती?"

मी आठवू लागले. डबा? पाण्याची बाटली? ती नेहमी बाटली विसरायची. "बाटली," मी म्हणाले.

"बरं. बघतो सकाळी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी मुलीला विचारलं. ती टीव्हीसमोर होती, मान न वळवता म्हणाली, "स्वेटर. काकांनी पप्पांना दिला. पप्पा आले होते ना त्या दिवशी घ्यायला."

त्या दिवशी त्यांची सुट्टी होती, दुपारी तेच गल्लीच्या तोंडाशी गेले होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी लगेच परत फोन लावला, तर तो व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. त्या वेळी काका कुणाशी बोलत होते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्याकडे शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही दोन नंबर दिले होते आणि पहिला नंबर तिच्या पप्पांचा होता.

भाऊ म्हणाला, "तुला उगं संशय येतो. त्याच्या घरचा फोन असंल."

"असेल," मी म्हणाले.

"उद्या शाळेतच नको पाठवू मंग."

तोही विचार मी केला. पण एक दिवस नाही, दोन दिवस नाही, मग पुढं काय? आणि मी मुलीला लपवून ठेवलंय, असं म्हणायला त्यांना वाव कशाला द्यायचा? मी तिचा डबा काय करायचा ते वहिनीला सांगून टाकलं.

सकाळी आम्ही तिघं टाकीजवळ जाऊन उभे राहिलो. मी, मुलगी आणि आपल्या मोटारसायकलला टेकलेला भाऊ. समोरच्या हॉटेलवाल्यानं पोहे लावले होते. फुलंब्रीकडून शहरात कामाला येणाऱ्या मोटारसायकली एकामागं एक चालल्या होत्या. मी त्यांच्यातला प्रत्येक हेल्मेटवाला न्याहाळत होते. तिचे पप्पा मोटारसायकलवर येतील, असंच मी धरून चालले होते.

पिवळी व्हॅन दिसली. वेग कमी झाला, ती बाजूला घेतली. आणि समोरच्या सीटवर, काकांच्या शेजारी, तिचे पप्पा बसलेले होते.

मुलीनं आधी त्यांना पाहिलं. तिनं हात वर केला, हलवला नाही. माझ्याकडे बघितलं आणि तसाच खाली घेतला.

काका खाली उतरले. त्यांनी मागचं सरकतं दार उघडलं नाही. आत दोन मुलं होती, मयूर पार्ककडची, ती काचेला नाक लावून बघू लागली. काका माझ्यापुढं येऊन उभे राहिले, पन्नाशीचा, अंगानं बारीक माणूस. "आई तुमीच, ते खरंय," ते म्हणाले. "पण ताई, तुमी लिवलं, घरी फोन करू नका. असा मेसेज आला का पहिलं मी तेच करतो. नवा नंबर, नवी जागा, आन वर कुणाला सांगू नका. तुमीच सांगा, मी काय समजायचं?"

दुकानात माझ्यासमोर कुणी असा अर्ज सांगितला असता तर मीही मान वर करून बघितलं असतं.

"आणि हे?" मी समोरच्या सीटकडे बोट केलं.

"हे सकाळीच दारात येऊन उभे राहिले. म्हणले, मला बघू द्या माझी पोरगी कुठं आहे. बापाला नाय कसं म्हणू?"

तोपर्यंत तिचे पप्पा उतरले होते. केस नीट विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. माझ्याशी ते बोललेच नाहीत. मुलीसमोर वाकून म्हणाले, "चल बाळा, घरी जाऊ."

भाऊ गाडीवरून पुढं झाला. "दाजी, रस्त्यावर तमाशा नका करू."

"तमाशा कुणी केला? मी माझ्या मुलीशी बोलतोय."

"मंग बोला. हात नका धरू तिचा."

"मामा, साहेब," काका मध्ये आले, आवाज न चढवता, "आतली पोरं बघायलेत. तुमचं काय ते तुमी बघा. मला अजून सात ठिकाणी थांबायचंय. पोरगी गाडीत बसली तर शाळेत जाईल. मधी कुठं उतरणार नाय. तुमच्याकडं बी नाय, यांच्याकडं बी नाय. नसल बसवायची तर तसं सांगा, मी निघतो."

मला त्यांच्यावर विश्वास टाकवत नव्हता. रात्री ज्यानं फोन केला, सकाळी ज्यानं त्यांना शेजारी बसवून आणलं, तोच आता मुलीला माझ्याकडून मागत होता. सिडकोतून गाडी जाणार. गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि ते तिला घेऊन उतरले, तर मी काय करणार होते?

"हे गाडीत बसणार नाहीत," मी म्हणाले. "मग बसवते."

तिचे पप्पा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "का? मी पळवून नेणार आहे तिला?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "साहेब, तुमी रिक्षानं या. शाळेत मॅडमपुढं बोला काय ते."

ते हसल्यासारखं करून बाजूला झाले. काकांनी सरकतं दार उघडलं, मुलगी आत चढली, दप्तर मांडीवर घेऊन बसली. दार बंद झाल्याचा आवाज आला आणि मी भावाच्या मागं गाडीवर बसले.

त्या सकाळची ती वरात मला अजून आठवते. पुढं व्हॅन, मागं आम्ही बहीणभाऊ, आणि आमच्या मागं एका रिक्षात तिचे पप्पा. व्हॅन टी.व्ही. सेंटरला थांबली, आम्ही थांबलो, रिक्षा थांबली. एक बाई मुलाला चढवत होती, तिनं आमच्याकडे, रिक्षाकडे बघितलं आणि काकांना काहीतरी विचारलं. काकांनी मान हलवली. पुढच्या थांब्यावर तेच. एका आजोबांना मी ओळखीचं हसले, त्यांनी नजर दुसरीकडे नेली. निदान मला तसं वाटलं. त्या दिवशी कुणी साधं खोकलं असतं तरी मला ते माझ्यावरच वाटलं असतं.

सिडकोत शिरलो तसा मी भावाचा खांदा घट्ट धरला. "आता बघ," मी म्हणाले. "इथं थांबवील."

आमची गल्ली आली. कोपऱ्यावरचं किराणा दुकान उघडलेलं, दुकानदार पायरी झाडत होता. रोजच्या सवयीनं त्यानं व्हॅनसाठी त्याची सायकल बाजूला घेतली. व्हॅनचा वेग थोडा कमी झाला, कारण तिथं गतिरोधक आहे, आणि ती पुढं निघून गेली. मी मागं वळून बघितलं. रिक्षा थांबली नव्हती. ते आमच्याकडे बघत नव्हते, व्हॅनकडे बघत होते, अगदी तसेच, जसे आम्ही बघत होतो.

शाळेच्या फाटकात काकांनी मुलांना उतरवलं, मुलगी रांगेतून आत गेली. मग ते स्वतः आमच्याबरोबर ऑफिसपर्यंत आले. मुख्याध्यापिकांना त्यांनीच सांगितलं, थोडक्यात, कुणाची बाजू न घेता. मेसेज दाखवला. मग मला कळलं की तो त्यांनी पप्पांनाही सकाळी दाखवला होता.

मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "कोर्टाचा काही आदेश आहे का तुमच्यापैकी कुणाकडे?"

नव्हता. कोर्टापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

"मग शाळेसाठी तुम्ही दोघंही पालक आहात. मी एकाचं ऐकून दुसऱ्याला नाही म्हणू शकत नाही. व्हॅन तुमची खाजगी आहे, ती कुठं थांबेल ते तुम्ही ठरवायचं. पण दोघांनी मिळून. ते ठरेपर्यंत दुपारी मुलगी इथं ऑफिसात बसेल आणि तुम्ही दोघं आल्यावरच बाहेर जाईल."

मला वाटलं, ह्या आधीच तिच्या पप्पांशी फोनवर बोलल्या असणार. त्यांना वाटलं, मी आधीच मॅडमना भेटून गेले असणार. ते तसं बोललेही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी तुम्हा दोघांनाही आत्ताच बघतेय."

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. भाऊ फाटकाजवळ काकांशी बोलत उभा होता. तिचे पप्पा म्हणाले, "घरी फोन करू नका, असं लिहिलंस. मी तुला कधी हात तरी लावला का?"

"नाही."

"मग? ते काका काय समजले असतील माझ्याबद्दल?"

"ते माझ्याबद्दलच समजले," मी म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला फोन केला."

ते म्हणाले, "रात्रभर मला वाटत होतं, टाकीजवळ तू एकटी नसशील."

"भाऊ होता."

"ते दिसलं."

त्यांनी ते कसं म्हटलं, हे सांगता येणार नाही. सुटका झाल्यासारखं नव्हतं. भाऊच होता, यावरही त्यांचा पुरता विश्वास बसला नव्हता, असं मला वाटतं. मी उठून त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मुलीला तुम्ही शनिवारी जे विचारलंत, त्यामुळे मी घर सोडलं, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "तू खरं सांगत असतीस तर तिला विचारावं लागलं असतं का?"

जागेचं मात्र दुपारी ठरलं, आणि ते ठरवलं काकांनी. मुलांना घ्यायला ते आले होते. आम्ही दोघं ऑफिसात आणि मुलगी मधल्या खुर्चीवर डबा उघडून. काका दारातच उभे राहिले. "मॅडम, मी एक सांगू का? हर्सूलच्या टाकीजवळ थांबायला मला अडचण नाय. पोरगी चढली का मी दोघांना मिस कॉल देतो. उतरली का परत दोघांना. जागा बदलायची असंल तर दोघांचा मेसेज पायजे. एकाचा आला तर मी थांबणार नाय."

"मला मान्य आहे," तिचे पप्पा म्हणाले. मलाही मान्य करावं लागलं. माझ्या मनात तेव्हाही होतं की ते काकांना वेगळं काही विचारून घेतील, आई कुणाबरोबर उभी असते वगैरे. मी काकांना तसं बाहेर गाठून विचारलं.

"विचारलं तर सांगणार का तुम्ही?"

"काय सांगू? सकाळी माझं ध्यान दाराकडं असतं, ताई. हाताची बोटं सापडतात पोरांची."

ते उत्तर होतं की टाळणं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीजवळ मुलगी व्हॅनमध्ये चढली. काकांनी खिशातून फोन काढला, भावाच्या फोनची रिंग एकदा वाजून थांबली. मग त्यांनी दुसरा नंबर लावला. मी ते बघत उभी होते, दुसरी रिंग लागेपर्यंत. मग रोजच बघू लागले.

पुढं तिच्या थोरल्या आत्यानं मध्यस्थी केली. मी परत गेले नाही. टी.व्ही. सेंटरच्या मागं एक खोली घेतली, तेव्हा व्हॅनची जागा पुन्हा बदलली, एका मेडिकलसमोर. त्या वेळी दोघांनी वेगवेगळे मेसेज पाठवले. त्यांच्या मेसेजमध्ये काय होतं, मला माहीत नाही. काकांनी दाखवला नाही आणि मी मागितला नाही. मुलगी रविवारी त्यांच्याकडे जाते. संध्याकाळी ते तिला खोलीच्या खाली आणून सोडतात, वर येत नाहीत.

मी फोन नवा घेतला. त्यात लोकेशन बंद आहे. तरी दुकानातून निघताना कधी कधी मी आधी रस्त्याच्या पलीकडे बघते, मग स्कूटी काढते.

काकांचं आणि माझं बोलणं थोडंच असतं. एकदा पावसाळ्यात व्हॅन उशिरा आली, बराच उशीर. मी आधी शाळेत फोन केला, मग पप्पांना, मग काकांना. ते आले तेव्हा ओले चिंब होते. हर्सूलच्या पुढं रस्त्यावर झाड पडलं होतं. त्यांनी दार उघडलं, मुलगी चढली, आणि ते मला म्हणाले, "शाळेतून फोन आला मला, ताई. तुमी पहिलं मलाच करायचा होता."

"तुम्ही गाडी चालवत असाल, असं वाटलं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही, नुसती हलवली. आणि दोघांना मिस कॉल दिले.